नफा १६ कोटी, पण पैसा आलाच नव्हता. शेअर नव्यानं घेणाऱ्यांनी वाचा

मी नागपूरचा, इतवारीत बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे. एका टेलिग्राम ग्रुपवर एक 'सर' रोज टिप द्यायचे, त्यांनी एका छोट्या कंपनीचा स्क्रीनशॉट टाकला, विक्री १४० वरून २०५ कोटी, नफा ८ वरून १६ कोटी, अन् खाली लिहिलं की डोळे मिटून घ्या. मी ९२ रुपयांनी ६०० शेअर घेतले, ५५,२०० रुपये गेले. ते आकडे अहवालात होतेच, म्हणून तर विश्वास बसला, बाकीचे आकडे त्यांनी दाखवलेच नाही.

तीन महिन्यांनी रोज लोअर सर्किट लागायला लागलं, म्हणजे एका दिवसात भाव जेवढा पडू शकतो तेवढा पडायचा, विकायला टाकले तरी घेणारा कोणी नाही, अन् ग्रुप गायब. तेव्हा पहिल्यांदा बीएसईच्या साइटवरून कंपनीचा वार्षिक अहवाल काढला आणि दुकानातच उघडून बसलो. बाबांना शेअरमधलं काही समजत नाही, पण नफ्याचा आकडा पाहून त्यांनी विचारलं, "पैसा आला का रे, का नुसती बिलं फाडून राहिले?"

बस, तिथंच सगळं होतं. माल गेला, बिल फाटलं की नफा वहीत चढतो, पैसा येवो न येवो. कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये ऑपरेटिंग कॅश फ्लोची, म्हणजे धंद्यातून खरंच आलेल्या पैशाची, ओळ पाहिली तर उणे १९ कोटी. मग बॅलन्स शीटमध्ये ट्रेड रिसीव्हेबल्स, म्हणजे गिऱ्हाइकांकडची उधारी, ३१ वरून ८३ कोटी झालेली. उधारी भागिले विक्री गुणिले ३६५ केलं तर आधी ८१ दिवसांची उधारी होती ती १४८ दिवसांची झाली. पगार अन् कच्चा माल तर रोख लागतो ना, तो कुठून आला? कर्जातून, २४ चं ५८ कोटी झालं होतं. आणि मार्जिन पावणेसहावरून पावणेआठ टक्क्यांच्या घरात, माल तोच, गिऱ्हाईक तेच, अन् कारण अहवालात कुठंच नाही. लांब उधारीवर चढ्या भावानं माल दिला की बिलावर मार्जिन चांगलंच दिसतं, आमच्या बाजारात हे कोणीही सांगेल.

पुढच्या तिमाहीत १४ कोटींची उधारी बुडीत दाखवावी लागली, शेअर ३१ वर आला.

एकाच वर्षाचा कॅश फ्लो उणे दिसला म्हणून कंपनी वाईट असं नाही, नवीन ऑर्डरसाठी माल भरला असू शकतो. पाच वर्षांचा नफा जोडा, पाच वर्षांचा ऑपरेटिंग कॅश फ्लो जोडा, दोन्ही शेजारी ठेवा, आणि पैसा नफ्याच्या निम्मासुद्धा येत नसेल अन् कर्ज वाढत असेल तर घेऊ नका. बँका आणि फायनान्स कंपन्यांना मात्र हे लावू नका, त्यांचा धंदाच कर्ज द्यायचा, तिथं हा आकडा बऱ्याचदा उणे येतो.

अन् टिप देणाऱ्याचा सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, सेबीच्या साइटवर स्वतः टाकून पाहा. मी मागितलाच नव्हता.