आईचा जुना टीव्ही, एचडीएमआय टू एव्हीची डबी आणि वर-खाली पळणारं चित्र : सात महिन्यांनंतर

आईच्या 21 इंची जुन्या टीव्हीसाठी ही छोटी पांढरी डबी घेतली. गावच्या सप्ताहातली कीर्तनं मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर तिला धड काही दिसत नाही. टीव्ही चालू असताना नवा घेणं मला पटलं नाही. जोडणी सगळ्यांना माहीतच असेल : मोबाइलपासून टाइप-सी टू एचडीएमआय, तिथून ही डबी आणि डबीतून पिवळी-पांढरी-लाल वायर टीव्हीच्या एव्हीत. फक्त तुमच्या मोबाइलच्या टाइप-सीतून चित्र बाहेर पडतं का, हे घेण्याआधी बघा. बऱ्याच स्वस्त मोबाइलमध्ये पडत नाही.

पहिल्याच संध्याकाळी आवाज स्वच्छ आला, पण चित्र इतक्या वेगानं वर पळत होतं की माणूस ओळखू येईना. शिवाय रंग नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ‘‘डबी चांगली आहे, तुमचा टीव्ही गेलाय.’’ बदलून द्यायला तयारच नाही. तेव्हा मी इथे एक तारा देणार होतो.

टीव्हीच्या मागे व्ही-होल्डची खुंटी आहे. ती फिरवत फिरवत मी चित्र थांबवलं. थांबलं, पण काळं-पांढरंच, आणि उंचीला थोडं बसकं. तरी आईला कीर्तन दिसलं म्हणून मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला : ‘‘अरे, आता सेट-टॉप बॉक्सचं चित्र खाली घसरतंय रे!’’

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडचे असे जुने टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 वेळा पडदा वरून खाली रंगवणारे. डबी आली होती एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीवर, म्हणजे जवळजवळ 60 वेळा. मी खुंटी फिरवून टीव्हीलाच 60 च्या जवळ नेलं होतं. टीव्हीची स्वतःची चाल येणाऱ्या सिग्नलपेक्षा किंचित संथ असावी लागते, तरच सिग्नलचा ठोका तिला दर वेळी वेळेवर ओढून घेतो. चाल सिग्नलच्या पुढे गेली, तर ठोका पोचायच्या आत टीव्ही पुढचं चित्र सुरू करतो आणि चित्र खाली सरकत राहतं. सेट-टॉप बॉक्सचं तेच झालं होतं. रंग नव्हता तोही एनटीएससीमुळेच. या टीव्हीला फक्त पालचाच रंग कळतो.

उपाय डबीच्या कडेलाच होता : नखाएवढं सरकतं बटण, पाल आणि एनटीएससी. मी ते पालवर केलं, तरी काही फरक नाही! माझ्या डबीला बटण सरकवल्यावर वीज काढून परत द्यावी लागते, आणि सोबतच्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही. माझा सगळा राग या न छापलेल्या ओळीवर आहे. आधी सेट-टॉप बॉक्स लावून खुंटी जागेवर आणली : एका बाजूला चित्र सुटेपर्यंत फिरवली, मग दुसऱ्या बाजूला सुटेपर्यंत, आणि बरोबर मध्ये ठेवली. मग डबी बंद करून चालू केली. कीर्तनकारांचा फेटा केशरी दिसला तेव्हा आई जागेवरून उठून टीव्हीजवळ आली.

म्हणून चार तारे केले. चित्र उभं ताणलेलं दिसतं, बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि पैसे भरून बघायची बरीच ॲप काळा पडदा देतात, कारण त्यांना कॉपीसंरक्षण लागतं. आमच्या कामाला यातलं काही आड येत नाही.

पाचव्या महिन्यात चित्र परत सरकू लागलं, पण यावेळी सावकाश आणि रंगीत. टीव्ही सुरू केल्यावर दहा मिनिटं सरकायचं, मग थांबायचं. मी लगेच डबीला दोष दिला. मग सेट-टॉप बॉक्स लावून पाहिला, तर तोही सरकतोय. म्हणजे दोष टीव्हीत. गावातल्या मेकॅनिककाकांनी व्हर्टिकलच्या भागातला सुकलेला कपॅसिटर बदलला. आतला भाग गरम झाला की तो तात्पुरता बरा चालायचा. मागचं झाकण आपण उघडायचं नाही, असं त्यांनी बजावलं. पिक्चर ट्यूबवर टीव्ही बंद केल्यावरही विजेचा जबर दाब राहतो.

तेव्हापासून दोन्ही चित्रं जागेवर आहेत. आई डबी पुसताना बटण सरकू नये म्हणून मी त्यावर ताईच्या नेलपेंटचा एक थेंब सोडलाय.