टेसरॅक्ट की क्वेन? सीए ऑफिसात बिलं वाचून घेण्याचा पावसाळ्यापासूनचा अनुभव

सांगलीतल्या एका छोट्या सीए ऑफिसात जीएसटीचं काम माझ्याकडे आहे. हार्डवेअरची दुकानं, मेडिकल, दोन-तीन गॅरेज अशी मंडळी महिनाअखेरीला खरेदीची बिलं आणून देतात. टॅलीतून निघालेली, डॉट मॅट्रिक्सवर छापलेली, एक्सेलमध्ये बनवलेली, व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवलेली, सगळी एकाच पिशवीत. ती हाताने भरायला लागू नयेत म्हणून आधी टेसरॅक्ट हे चित्रातली छापील अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर बसवलं आणि नंतर त्याच्या जोडीला क्वेन २.५ व्हीएल हे चित्र बघून प्रश्नांची उत्तरं देणारं, ७ अब्ज पॅरामीटरवालं एआय मॉडेल आणलं. दोन्ही आमच्याच मशीनवर चालतात. महिन्याभरापूर्वी लिहायला बसलो असतो तर टेसरॅक्ट काढून टाका असंच लिहिलं असतं. आता तसं म्हणणार नाही, आणि त्याला कारण एक बिल आहे.

हार्डवेअरच्या एका ठोक व्यापाऱ्याचं हे बिल एक्सेलमध्ये हाताने आकडे टाकून केलेलं होतं. करपात्र रक्कम १४,८५०.०० आणि दर १८ टक्के. सीजीएसटी १,३३६.५० बरोबर होता, पण एसजीएसटीच्या ओळीत टायपिंगची चूक होऊन १,३६३.५० पडलं होतं आणि खाली एकूण १७,५५०.०० छापलं होतं. मॉडेलने दोन्ही कर १,३३६.५० दिले आणि एकूण १७,५२३.०० दिलं. गणित अचूक होतं, पण १७,५२३ हा आकडा त्या कागदावर कुठेही नव्हता. मी लावलेली बेरजेची तपासणी अर्थातच पास झाली, कारण मॉडेलने बिल वाचून झाल्यावर ते दुरुस्तही करून दिलं होतं. जीएसटी पोर्टलवरच्या टू-बी विवरणाशी जुळवताना २७ रुपयांचा फरक निघाला, तेव्हा कागद हातात घेतला. टेसरॅक्टने मात्र त्याच पानावर १,३६३.५० असंच वाचलं होतं. त्याला गणित येत नाही, त्यामुळे जे छापलंय ते त्याने दिलं.

माझ्या दृष्टीने या दोन साधनांतला खरा फरक हाच आहे, आणि अचूकतेच्या तुलनांमध्ये तो दिसत नाही. टेसरॅक्ट चुकतं तेव्हा चूक कुरूप असते. ८ च्या जागी बी येतो, रुपयाच्या चिन्हाचा ७ होतो, ओळ मधेच तुटते. शिवाय tsv आउटपुट घेतलं तर प्रत्येक शब्दापुढे खात्रीचा आकडा मिळतो, त्यामुळे कुठे बघायचं ते कळतं. मॉडेल चुकतं तेव्हा चूक नीटनेटकी असते. तारीख तारखेसारखी असते, नंबर नंबरासारखा असतो, आणि खात्री किती याचा पत्ता नसतो. पुसटलेल्या जागी काय असायला हवं याचा ते अंदाज बांधतं आणि तो वाचल्यासारखा लिहून देतं. हिशोबाच्या कामात मला कुरूप चूक परवडते.

तरीही मॉडेल आणावं लागलं, ते बिलांच्या विविधतेमुळे. टेसरॅक्ट अक्षरं देतं, पण कुठला आकडा कशाचा ते सांगत नाही. त्यासाठी पार्टीगणिक नियम लिहावे लागतात: या पार्टीचा बिल नंबर अमुक शब्दानंतर, त्या पार्टीचा कर तळातल्या चौकटीत. एका नमुन्याला मला अर्धा तास लागतो. ज्या पार्टीची महिन्याला तीस-चाळीस बिलं येतात तिच्यासाठी हा अर्धा तास वसूल होतो. वर्षातून दोनदा येणाऱ्या पार्टीसाठी होत नाही, आणि एखाद्याने बिलिंगचं सॉफ्टवेअर बदललं की नियम पुन्हा लिहायला लागतो. मॉडेलला नमुना शिकवावा लागत नाही. हवे ते रकाने मागितले की कुठल्याही मांडणीतून ते शोधून देतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरंच आनंद झाला, आणि तो आजही टिकून आहे.

दोन गोष्टी मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्या. स्कॅनचं रिझोल्यूशन दोघांना वेगळं लागतं. टेसरॅक्टला ३०० डीपीआय द्या, त्याखाली बारीक अक्षरं बिघडतात. मॉडेलला तेच चित्र दिलं तर गडबड होते. क्वेन २.५ व्हीएल चित्राचे २८ बाय २८ पिक्सेलचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक टोकन. ३०० डीपीआयचं ए-४ पान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं, म्हणजे जवळजवळ ११ हजार टोकन. मॉडेल ज्यावर चालतं त्या ओलामामध्ये num_ctx, म्हणजे एका वेळी मावणाऱ्या टोकनांची मर्यादा, चार हजारांच्या आसपास ठेवलेली असेल तर हे त्यात मावतच नाही, आणि उत्तर अर्धवट किंवा भलतंच येतं. १५० डीपीआयला तेच पान पावणेतीन हजार टोकनांत बसतं. मी १५० डीपीआय आणि num_ctx 8192 ठेवतो, आणि मॉडेलचं तापमान, म्हणजे उत्तरातला स्वैरपणा, शून्य.

दुसरी गोष्ट म्हणजे मॉडेलकडून सगळ्या ओळी मागू नका. मेडिकलच्या ठोक बिलात चाळीस-चाळीस ओळी असतात. त्यात ते एखादी ओळ गाळतं किंवा तीच दोनदा लिहितं. आम्हाला पार्टीचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, कर आणि एकूण एवढंच लागतं. तेवढंच मागितलं तर वेळही वाचतो. आमच्या १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर एका बिलाला दहा-पंधरा सेकंद लागतात. कार्ड नसेल तर नुसत्या प्रोसेसरवर मिनिटं जातात, तो नाद करू नका.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या गोष्टीकडे येतो, जीएसटी नंबरच्या पंधराव्या अक्षराकडे. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे २७), मग दहा अक्षरांचा पॅन, तेरावं नोंदणीचा क्रमांक, चौदावं बहुतेक ठिकाणी झेड, आणि पंधरावं आधीच्या चौदांवरून काढलेलं तपासणी अक्षर. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर असा क्रम ठरलेला असल्यामुळे ओ की शून्य, एस की ५ हा वाद जागेवरूनच मिटतो. टेसरॅक्ट चौदाव्या झेडचा सर्रास २ करतं, तोही असाच दुरुस्त होतो. उरलेल्यासाठी हे सात ओळींचं फंक्शन:

```python
def gstin_ok(g):
    s = "0123456789ABCDEFGHIJKLMNOPQRSTUVWXYZ"
    t = 0
    for i, c in enumerate(g[:14]):
        p = s.index(c) * (1 + i % 2)
        t += p // 36 + p % 36
    return s[(36 - t % 36) % 36] == g[14]
```

कुठलंही एकच अक्षर चुकलं असेल तर हे हमखास पकडतं. दोन चुकली तर क्वचित निसटतं. मॉडेलने बेमालूम बदललेला नंबरही इथे अडकतो. रकमांना असं तपासणी अक्षर नसतं, आणि म्हणूनच त्या २७ रुपयांचा मला इतका त्रास झाला.

त्यावर उपाय सापडला तो टेसरॅक्टमध्येच. आता प्रत्येक बिल दोघांकडून वाचून घेतो. मॉडेलने दिलेली प्रत्येक रक्कम, दोन्हीकडचे स्वल्पविराम काढून, टेसरॅक्टच्या मजकुरात शोधतो. सापडली नाही की बिल माणसाकडे. १७,५२३ टेसरॅक्टच्या मजकुरात नव्हतं, त्यामुळे ते बिल या चाळणीत तिथल्या तिथे अडकलं असतं. मॉडेलला सूचनाही बदलून दिली: छापलेलं नसेल तर रकाना रिकामा ठेव, हिशोब करू नकोस. त्याने फरक पडतो, पण नुसत्या सूचनेवर विसंबणार नाही. पुसट बिलांवर टेसरॅक्टच आंधळं होतं, त्यामुळे चांगली वाचलेली काही बिलंही उगाच माणसाकडे येतात. ती किंमत मी आनंदाने मोजतो. टेसरॅक्टला भाषा देताना eng एवढीच द्या. mar+eng दिलं की इंग्रजी 9 चा मधेच मराठी १ होतो, आणि आकडे शोधण्याच्या कामात तो घातक आहे.

हे सगळं करण्याआधी एक सोपी गोष्ट करा. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, आणि त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख आणि एकूण रक्कम सही केलेल्या स्वरूपात असते. zbarimg --raw या कमांडने कोड वाचा, टिंबांमधला मधला भाग बेस-६४ च्या यूआरएल-सेफ प्रकारातून सोडवा, झालं. त्यात अंदाज नाही आणि वाचनाची चूकही नाही. कराची फोड त्यात नसते, तेवढी चित्रातून घ्यावी लागते. कोड दाट असतो, त्यामुळे व्हॉट्सॲपने दाबलेल्या फोटोवर तो बरेचदा वाचला जात नाही. आमच्या मोठ्या पुरवठादारांची बिलं या वाटेने गेल्यावर दोन्ही साधनांवरचा भार बराच उतरला.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. टेसरॅक्ट फुकट आहे आणि जुन्या आय-३ वरही दोन-तीन सेकंदांत पान वाचतं. कार्डाला पंचवीस हजारांच्या आसपास गेले. क्लाउडवरच्या मॉडेलला बिलामागे खर्च पैशांत मोजावा इतकाच येतो, आणि आमच्यासारख्या ऑफिसला नुसत्या पैशाच्या हिशोबाने तेच स्वस्त पडलं असतं. पंचवीस हजार गोपनीयतेसाठी गेले. एकाच गल्लीतली दोन हार्डवेअरची दुकानं आमच्याकडे आहेत. कुणाला कुठून कोणत्या भावाने माल येतो आणि किती सूट मिळते हे त्या बिलांवर छापलेलं असतं. संमतीशिवाय अशिलाची माहिती बाहेर देणं १९४९ च्या सीए कायद्यात गैरवर्तन धरलं आहे, आणि फुकटच्या क्लाउड योजनांमध्ये आपला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरण्याची मुभा बरेचदा अटींतच असते. सरांनी एका वाक्यात विषय संपवला: बिल ऑफिसबाहेर जाणार नाही.

पण मॉडेल ऑफिसात आहे म्हणून सगळं सुरक्षित झालं असं समजू नका. ओलामा मुळात त्या एकाच मशीनपुरता 127.0.0.1:11434 वर ऐकतो. बाकीच्या टेबलांवरून वापरता यावा म्हणून कुणी OLLAMA_HOST=0.0.0.0 केलं की वायफायवरचा कुणीही तो वापरू शकतो, कारण त्याला पासवर्डच नाही. आम्ही तो त्या एकाच मशीनपुरता ठेवलाय. बाकीचे सामाईक फोल्डरमध्ये स्कॅन टाकतात, मशीन तिथून उचलतं.

हाताने लिहिलेली बिलबुकं अजून दोघांकडेही देत नाही. मॉडेल ती वाचतं, पण टेसरॅक्टला ती वाचता येत नाहीत, म्हणजे पडताळायला दुसरा साक्षीदार उरत नाही. त्यातली बरीचशी कंपोझिशन योजनेतल्या छोट्या व्यापाऱ्यांची असतात. त्यावर इनपुट क्रेडिट नाही, फक्त तारीख आणि एकूण रक्कम लागते. ते दोन रकाने मी टॅलीत हातानेच भरतो.