ओबीएसचं कॅनव्हास: पाच महिने धुरकट स्ट्रीम, आणि दोष नेटचा नव्हताच

जूनमध्ये जुना लॅपटॉप गेला. नव्यावर स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर ओबीएस टाकलं आणि जुनं प्रोफाइल, सीन कलेक्शन दोन्ही तसंच इम्पोर्ट केलं, सगळं पुन्हा मांडत बसायला नको म्हणून. तेव्हापासून पाच महिने माझी व्हॅलोरंटची स्ट्रीम धुरकट होती. क्रॉसहेअरची बारीक हिरवी रेघ कडेला पसरायची आणि किलफीडमधली नावं डोळे बारीक करून वाचावी लागायची. बघणारा जो तो म्हणायचा, "दादा, बिटरेट वाढव."

वाढवू कुठून? रात्री माझा अपलोड साडेपाच एमबीपीएसच्या वर जात नाही, म्हणून बिटरेट ४००० केबीपीएसवर थांबलोय. नेटवाल्याला तीनदा फोन केला, तर तिन्ही वेळा उत्तर एकच: मोठा प्लॅन घ्या, महिन्याला चारशे जास्त. जे दुखणं नेमकं कुठंय हेच कळलेलं नाही, त्यासाठी पैसे मोजायला मी तयार नव्हतो.

मग एक साधी गोष्ट केली. प्रॅक्टिस रेंजमध्ये माउसला हात न लावता दहा सेकंद उभा राहिलो आणि ते रेकॉर्डिंग बघितलं. चित्र हलत नसेल तेव्हा ७२०पीला ४००० केबीपीएस भरपूर होतात. बिटरेट अपुरा असता, तर पळताना चौकोन फुटले असते आणि थांबल्यावर चित्र निवळलं असतं. इथे थांबल्यावरही अक्षरं मऊच. म्हणजे एन्कोडरकडे पोचायच्या आधीच चित्र खराब होत होतं.

सेटिंग्जमध्ये व्हिडिओचं पान उघडलं आणि सापडलं. कॅनव्हास, म्हणजे ओबीएस ज्या मापावर सीन मांडतं ते, १३६६×७६८ होतं, जुन्या लॅपटॉपच्या पडद्याचं माप! प्रोफाइलबरोबर तेही आलं होतं. गेम १९२०×१०८० चा, तो आधी ७६८ ओळींत दाबला जायचा आणि मग आउटपुटसाठी पुन्हा ७२० मध्ये. दुसरं दाबणं जास्त वाईट. १०८० वरून थेट ७२० करताना दर तीन ओळींच्या दोन होतात. ७६८ वरून ७२० करताना सोळांच्या पंधरा कराव्या लागतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक ओळीत शेजारची थोडी मिसळते. प्रीव्ह्यूत हे कळत नाही, कारण तिथे कॅनव्हास दिसतो, आउटपुटला लागणारं आकुंचन नाही.

स्ट्रीम बंद करून कॅनव्हास १९२०×१०८० केलं, आउटपुट १२८०×७२० ठेवलं. सीन डाव्या वरच्या कोपऱ्यात आकसून बसला. गेमचा सोर्स निवडून Ctrl+F दाबल्यावर पूर्ण पसरला. त्या रात्री किलफीड पहिल्यांदा सरळ वाचता आली. मला इतका आनंद झाला की मित्राला फोन करून उठवलं.

काही जण कॅनव्हासही ७२० करायला सांगतात. तसं केलं की Downscale Filter ला कामच उरत नाही, तिथे माप जुळतंय असा मजकूर येतो. आकुंचन मग सोर्सवर होतं आणि त्याचा फिल्टर राइट क्लिक करून Scale Filtering मध्ये वेगळा निवडावा लागतो. तिथे कोणी जात नाही, मग चित्र पुन्हा मऊ.

आता फिल्टरचं. सुरुवातीला मी Lanczos लावला आणि तीन आठवडे सगळ्यांना तोच लावा म्हणून सांगत होतो. ते मत आता बदललंय. व्हॅलोरंटच्या सपाट भिंतींवर तो सुरेख दिसतो, पण माइनक्राफ्टच्या जंगलात पळताना झाडांचं प्रत्येक पान टोकदार होतं आणि ती सगळी टोकं एन्कोडरला बिट खर्चून पोचवावी लागतात. ४००० मध्ये ती मावत नाहीत, चिखल होतो. शिवाय पांढऱ्या अक्षरांभोवती काळपट कड येते. एकाच वाटेवरून दोनदा पळून दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी लावली, तर Bicubic मध्ये पानं किंचित मऊ होती, पण पळतानाही पानंच राहिली. तेव्हापासून Bicubic. Bilinear मात्र या कामाला नको, त्यात बारीक अक्षरं वितळतात.

कॅनव्हास १०८० झालंच आहे तर आउटपुटही १०८० करावं, असं मला आठवडाभर वाटत होतं. करून बघितलं. ७२०पी ६० ला सेकंदाला साडेपाच कोटी पिक्सेल जातात, १०८०पी ६० ला साडेबारा कोटींच्या आसपास. बिट तेवढेच, वाटेकरी सव्वादोनपट. उभा असताना झकास, वळलो की भिंतीवर चौकोन. दुसऱ्या दिवशी ७२० वर परत.

नेटवाल्याचा परवा पुन्हा फोन आला होता, मोठ्या प्लॅनसाठी. नको म्हणून सांगितलं.