फोटो बघून शेंगा घेतोय, आठ महिने झाले, अनुभव सांगतो

आमचे कोल्हापुरात राजारामपुरीत जेवणाचे डबे असतात, रोज साठेक. आधी पहाटे कपिलतीर्थ मंडईत जाऊन गवार, मटार, घेवड्याच्या शेंगा मोडून बघूनच घ्यायचो, पण गेल्या गणपतीपासनं पन्हाळ्याकडचे एक मामा थेट शेतातनं माल देतात आणि आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, त्यावरनं हो की नाही कळवायचं.

दाणा भरलाय का ते फोटोत चांगलं कळतं, फक्त उजेड बाजूनं पाहिजे. तिरक्या उन्हात गवारीच्या शेंगेवर दाण्याचे उंचवटे सावलीसकट दिसतात, म्हणजे शेंग जून झाली. फ्लॅश मारला की सगळी शेंग सपाट आणि कोवळी दिसते, म्हणून फ्लॅशचा फोटो मी परत पाठवतो. मटार उन्हासमोर धरायला सांगतो, आतल्या दाण्यांच्या सावल्या दिसतात. नुसती फुगलेली शेंग बघून भुलू नका, मटारात आधी शेंग वाढते आणि दाणा मागनं भरतो.

खरी अडचण अळीची. घाटेअळीचं भोक गोल आणि मोठं असतं, ती अर्धी बाहेर राहूनच दाणे खाते, त्यामुळं फोटोत लगेच दिसतं. घेवड्यात शेंगा जाळ्यानं एकमेकीला चिकटलेल्या आणि भोकाच्या तोंडाशी घाण असेल तर ती दुसरी अळी. घाण ओली असेल तर अळी बहुतेक अजून आतच हाय, सुकून तपकिरी झाली असेल तर निघून गेली असण्याची शक्यता जास्त.

पण जानेवारीत मटारानं फसवलं. १२ किलो घेतला, फोटोत एक भोक नव्हतं, आणि सोलायला बसलो तर दर पाच-सहा शेंगांमागं एकीत अळी. मामांना फोन केला तर ते म्हणाले, "अवं, शेंग कोवळी असताना बारीक अळी आत शिरती, मग शेंग वाढली की ते भोक बुजतंय, बाहेरनं काय दिसणार? मोठं भोक पडतं ते अळी बाहेर निघताना." म्हणजे भोक नसणं ही खात्री नव्हेच, आणि भोक दिसलं तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

तेव्हापासनं मी एकच मागतो, पोत्याच्या तळातनं मूठभर काढून २० शेंगा उघडायच्या, दाणे शेंगेतच ठेवून एकाच फोटोत घ्यायच्या, आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, कारण साधा पाठवला की बारीक काळे ठिपके पुसट होतात. २० पैकी एक किडकी निघाली तर घेतो, तीन निघाल्या तर नाही. फेब्रुवारीत दोनदा नाही म्हणालो, मामा रागावले नाहीत, दुसऱ्या वाफ्यातला माल दिला.

गवारीचा दोर मात्र फोटोत अजून कळत नाही. तिच्यासाठी शेंग मोडतानाचा पाच सेकंदाचा व्हिडिओ मागवतो, कट्कन तुटली तर ठीक, सालीला धागा लोंबला तर तेवढा माल मामांना घरी ठेवायला सांगतो.