मुंबईतल्या जेट्टीला तिरके पाइल घालावेत की उभे?

जेट्टी पाइलवर, म्हणजे चिखलातून खडकापर्यंत नेलेल्या काँक्रीटच्या खांबांवर उभी असते. मुंबई बंदरात लहान जेट्टी बांधताना उभ्या वजनाची चिंता फारशी नसते. चिखलाखाली बसॉल्टचा खडक लागतो आणि तो वजन घेतो. अडचण आडव्या धक्क्याची असते. उधाणाला भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, त्यामुळे डेक, म्हणजे पाइलवरचा स्लॅब, उंच ठेवावा लागतो. वरचा चिखल आधार देत नाही, म्हणून पाइलचा मोकळा भाग लांबतो.

समजा, बोट लागताना एका गाळ्यावर 60 टनांचा आडवा जोर येतो. एक मीटर व्यासाचे चार उभे पाइल घेतले, तर प्रत्येकावर 15 टन. डेकपासून पाइल घट्ट धरला जाईल तिथपर्यंत 18 मीटर धरले, की वर आणि खाली 135 टन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. डेक पाच सेंटिमीटर सरकतो, काँक्रीटला तडे गेले की त्याच्या दुपटीच्या आसपास.

आता चारास एक उताराचे, म्हणजे चार मीटर खाली जाताना एक मीटर बाजूला सरकणारे, दोन तिरके पाइल एकमेकांविरुद्ध लावा. तोच जोर त्यांच्या लांबीच्या दिशेने जातो: एकावर सुमारे 124 टन दाब, दुसऱ्यावर तेवढीच ओढ. डेक जेमतेम पाच-सहा मिलिमीटर हलतो. कागदावर तिरके पाइल सहज जिंकतात.

पण ती ओढ कुठे जाणार? या जोडीवर डेकचं 100 टन वजन धरलं, तरी मागच्या पाइलवर 70 टनांहून जास्त ओढ उरते. ती सॉकेटनेच घ्यायची, म्हणजे खडकात भोक करून पाइलचा जो खालचा भाग रुतवतात त्याने. इथे माझं मत ठाम आहे: सॉकेट खात्रीने होणार नसेल, तर तिरका पाइल घेऊ नका. उभ्या पाइलचं सॉकेट चिझलने, म्हणजे दोरीवरून सोडलेल्या जड छिन्नीने, ठोकून करता येतं, पण चिझल सरळ खालीच पडते. तिरक्या लायनरमध्ये, म्हणजे पाइलभोवतीच्या पोलादी नळीत, ती एका बाजूला घासते आणि भोक वाकडं होतं. त्यासाठी लायनरवर बसणारी, त्याच कोनात फिरणारी ड्रिल लागते, आणि तिचा खर्च लहान कामाला झेपेलच असं नाही. शिवाय सळ्यांचा पिंजरा खालच्या बाजूला टेकतो. पिंजऱ्याला नळीपासून दूर ठेवणारे स्पेसर दाट नसतील, तर तिथे सळ्यांवर काँक्रीटचं कव्हरच उरत नाही. वरून पाहून हे कळत नाही, म्हणून पिंजरा उतरवण्याआधी स्पेसर स्वतः मोजा.

भूकंपातही ताठपणा महागात पडतो. 1989 च्या लोमा प्रिएटा भूकंपात ओकलंडच्या बंदरात तिरक्या पाइलची डेकशी असलेली सांधणी मोडली. जेट्टीच्या मागे भराव असेल तर आणखी एक धोका: त्याच्या वजनाने चिखल खचताना तिरक्या पाइलवर वरून बसतो आणि त्याला वाकवतो.

लहान प्रवासी बोटींसाठी मी मोठ्या व्यासाचे उभे पाइल आणि बोटीचा धक्का झेलणारे चांगले फेंडर निवडेन. डेकचं थोडं हलणं तिथे चालतं, उलट धक्क्याची काही ऊर्जा त्यातच जिरते. डेकवर क्रेनचे रूळ असतील आणि हालचाल मिलिमीटरांत ठेवायची असेल, तर तिरके घ्या. मात्र बोटीकडच्या कडेला असलेल्या पाइलची खालची टोकं जमिनीकडे ठेवा, नाहीतर ओहोटीला बोटीचं तळ त्यांच्यावर घासतं. आणि निविदेत ड्रिलची अट आधीच घाला.