अंगणात चाफा की बकुळ?

क्लबहाऊसच्या अंगणात कोणतं झाड लावायचं हे ठरवायला संध्याकाळची दोन संकल्पचित्रं समोर आहेत. एकात देवचाफा, दुसऱ्यात बकुळ. दोन्ही झाडं पूर्ण वाढलेली.

बकुळ सदाहरित, सावली दाट. पण ती फार सावकाश वाढते. सहा फुटी रोप लावलं, तर चित्रातला डेरा दिसायला बरीच वर्षं जातील. म्हणून लावल्या दिवसाचंही चित्र मागून घ्या.

मोठा चाफा मुळासकट हलवला तरी सहसा जगतो, त्यामुळे चित्र लवकर खरं होतं. हिवाळ्यात तो निष्पर्ण होतो, पण बुंध्याशी ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावला की वाकड्या फांद्यांची सावली भिंतीवर सुरेख पडते. बकुळीखाली तोच दिवा पानांतच अडतो. माझं मत चाफ्याला.