व्हीएफडी कॉम्प्रेसर: नऊ महिन्यांनंतर पेबॅकचं काय झालं

जुना ३७ किलोवॅटचा फिक्स्ड स्पीड स्क्रू कॉम्प्रेसर काढून त्याच साइजचा व्हीएफडीवाला, म्हणजे हवेच्या मागणीप्रमाणे मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा बसवला, त्याला आता नऊएक महिने झाले. मशीन चांगलं चालतंय, प्रेशर एका जागी ठरतं, आवाज कमी, त्यावर जास्त लिहित नाही. फायनान्स कमिटीला दाखवलेला हिशोब मीटरवर किती टिकला, ते सांगायचंय.

सेल्सवाल्याने ३५ टक्के बचत सांगितली होती. हा आकडा घेऊन कमिटीत जाऊच नका, कारण तो कुठल्या लोडवरचा ते तो सांगत नाही. आपला लोड आपल्याच कॉम्प्रेसरच्या पॅनलवर असतो, एकूण रनिंग अवर्स आणि लोडेड अवर्स. आमचे वर्षाला साधारण ६००० तास आणि त्यातले ५५ टक्के लोडवर, बाकी वेळ मोटर फिरतेय पण हवा देत नाही. त्या रिकाम्या वेळातही ती १३ किलोवॅट खात होती, लोडवर ४२. हे मोजताना नुसता क्लॅम्प मीटर लावून अँपिअर धरू नका, अनलोडला पॉवर फॅक्टर पडतो त्यामुळे अँपिअर बरेच जास्त दिसतात आणि बचत उगाच फुगते, किलोवॅट दाखवणारा एनर्जी मीटरच लावा आणि सुट्टीच्या दिवसासकट निदान एक आठवडा ठेवा.

म्हणजे जुन्याची सरासरी २९ किलोवॅट, वर्षाला १,७४,००० युनिट. नव्याची डाटाशीटवरून तेवढ्याच हवेला, थोडं कमी प्रेशर धरून, २३.५ किलोवॅट, म्हणजे १,४१,०००. बचत ३३,००० युनिट, टक्क्यात १९. कुठे ३५ आणि कुठे १९!

मी किंमतसुद्धा युनिटमध्येच मांडली, मशीनची किंमत भागिले विजेचा दर. आमच्याकडे ती १,२०,००० युनिट आली. दर बदलला की एकच आकडा बदलायचा, आणि अकाउंट्सवाल्यांनाही ते पटकन कळलं. पेबॅक ३.६ वर्षं आणि कमिटीची मर्यादा ३ वर्षं. इथेच बहुतेक प्रस्ताव पडतात.

पण जुन्या मशीनच्या एअरएन्डचं ओव्हरहॉल तसंही याच वर्षी करायचं होतं, बेअरिंगचं व्हायब्रेशन वाढल्याचा रिपोर्ट हातात होता, आणि तो खर्च ३०,००० युनिटइतका. नवं घेतलं नाही तरी तो होणारच, मग वजा करून खरी जादा गुंतवणूक ९०,००० राहते. उलट बाजूला ड्राइव्हचे फॅन, फिल्टर आणि पुढेमागे जाणारं एखादं कार्ड म्हणून वर्षाला २,००० धरले (तेल आणि फिल्टरचा खर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून सोडला). ९०,००० भागिले ३१,००० म्हणजे २.९ वर्षं. कमिटीने व्हायब्रेशनचा रिपोर्ट मागितलाच, नसता तर ही वजाबाकी कोणी मान्य केली नसती आणि करूही नये.

सोबत दोन वाईट शक्यता लिहून दिल्या होत्या. एक शिफ्ट बंद होऊन तास ४५०० वर आले तर पेबॅक जवळपास ४ वर्षं. आणि हवेची मागणी वाढून लोड ६५ टक्क्यांवर गेला तर ३.८. दुसरी वाचून एकजण म्हणाले, "काम वाढलं तर बचत कमी कशी काय?" कारण बचत मुख्यतः रिकाम्या फिरण्यातून येते, ते फिरणंच कमी झालं की वाचवायला उरतं काय. पूर्ण लोडवर तर ड्राइव्हचा स्वतःचा लॉस जातो, म्हणजे सतत ९०-९५ टक्के लोड असेल तर व्हीएफडी घेऊच नये.

आणि झालं तेच. ऑर्डर वाढल्या, लोड ६५ च्या आसपास गेला. आधी महिन्याला १४,५०० युनिट जायचे, आता १३,८०० जातात, आणि साहजिकच प्रश्न आला की बचत फक्त ७०० का. उत्तर असं की याच लोडवर जुन्याने १५,९०० खाल्ले असते, म्हणजे खरी बचत २,१००. पण हे नुसत्या बिलात दिसत नाही, त्यासाठी जुन्या मशीनचा लोडेड आणि अनलोडेड किलोवॅटचा रेकॉर्ड जपून ठेवावा लागतो, मशीन भंगारात गेल्यावर तो परत मिळत नाही. हवेचा फ्लो मीटर असता तर घनमीटरमागे युनिट काढून वाद दोन मिनिटांत संपला असता, पुढच्या बजेटमध्ये तोच मागितलाय.

एक गोष्ट मात्र डाटाशीटवरून कळली नव्हती. सुट्टीच्या दिवशी फक्त गळतीपुरती हवा लागते, ती मशीनच्या किमान स्पीडच्याही खाली, मग व्हीएफडी असूनही ते लोड-अनलोड करत बसतं आणि तिथे बचत जवळजवळ शून्य. आता शेवटची शिफ्ट सुटली की मेन हेडरचा वॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर दोन्ही बंद करतो.

सध्याच्या लोडवर हिशोब ३.८ वर्षांवर आहे आणि कमिटीला तेच कळवलंय. आमचा लोड वरखाली होतो म्हणून परत हेच घेईन, पण ओव्हरहॉल जवळ आलं नसतं तर प्रस्ताव टाकलाच नसता.